सकाळची साखर १२४, एचबीए१सी ८.५ : एका वहीचं वाचन

पार्श्वभूमी

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ही हकीकत शेजारच्या घरातली आहे. त्या घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र वहीत होते तेच ठेवले आहेत.

काका ६७ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मधुमेह नऊ वर्षांपासून. सकाळी आणि रात्री जेवणाआधी एकेक गोळी, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली. जेवण बेताचं, चालणं रोजचं, आणि मुलीने दोन वर्षांपूर्वी आणून दिलेलं ग्लुकोमीटर. मुलगी लग्न होऊन गावातच दोन गल्ल्या पलीकडे राहते.

काकांची वही पाहण्यासारखी होती. आयुष्यभर वेबिल भरलेला माणूस. तारीख, वेळ, आकडा, शेजारी सही! महिन्याच्या शेवटी बेरीज आणि सरासरी. डिसेंबर १२२, जानेवारी १२६. दोन महिन्यांत एक दिवस चुकलेला नव्हता. नोंद रोज सकाळी सातची, चहाआधीची. दिवसातल्या दुसऱ्या कुठल्याही वेळेचा आकडा त्या वहीत नव्हता, आणि ही गोष्ट आधी कोणाच्याही नजरेत भरली नव्हती. माझ्यासुद्धा.

अडचण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांनी आमच्याच लॅबमध्ये तपासणी केली. उपाशीपोटी १२१, जेवणानंतरची १५८, एचबीए१सी ८.५. नोव्हेंबरमध्ये हाच आकडा ७.६ होता.

मुलगी संध्याकाळी रिपोर्ट घेऊन आली. "ताई, बाबांची रोजची साखर एवढी छान आणि हे साडेआठ कसं? तुमच्या मशीनमध्ये काही गडबड नाही ना?" काकांचा सूर वेगळा होता. त्यांना तो आकडा म्हणजे आपल्या हिशोबावर घेतलेला संशयच वाटत होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सकाळची गोळी वाढवायला सांगितली होती, ग्लिमेपिराइड १ च्या जागी २. समोरचे कागद पाहता त्यात वावगं काही नव्हतं. एचबीए१सी जवळजवळ एका पॉइंटने चढलं, रुग्ण गोळ्या वेळेवर घेतो, पथ्य पाळतो, म्हणजे औषध कमी पडतंय असाच अर्थ कोणीही काढला असता.

मला खटकलं ते वेगळंच. एचबीए१सी म्हणजे साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती याची खूण. त्यावरून सरासरी काढायचं एक सूत्र आहे : आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. साडेआठचे होतात १९७. हा अंदाज असतो, माणसागणिक थोडा इकडेतिकडे होतो. तरी सकाळची सरासरी १२४ आणि चोवीस तासांची १९७ हे अंतर "थोडं इकडेतिकडे" यात बसत नाही. मी काकांच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. समजा रात्रीचे आठ तास साखर १३५ च्या आसपास राहिली, तर चोवीस तासांची सरासरी १९७ यायला उरलेल्या सोळा तासांत ती सरासरी २२८ हवी. काका पानाकडे बघत राहिले. "म्हणजे गाडी डेपोतून निघताना सीट मोकळी, आणि मधे कुठेतरी ओव्हरलोड," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी वाढवायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

दुसरा, लॅबचा आकडाच चुकीचा धरायचा. हे अगदीच अशक्य नसतं. लोहाच्या कमतरतेने आलेल्या रक्तक्षयात एचबीए१सी खोटं जास्त दिसू शकतं. रक्त गेलं असेल, रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर मरत असतील, तर ते खोटं कमी दिसतं.

तिसरा, घरचं मशीन कमी दाखवतंय असं समजायचं.

चौथा, दोन्ही आकडे खरे आहेत आणि साखर अशा वेळी चढते जेव्हा कोणी बोट टोचत नाही, असं धरून त्या वेळा शोधायच्या.

दंडावर लावायच्या सेन्सरची गोष्टही निघाली. चौदा दिवस सतत आलेख मिळतो, प्रश्न लगेच सुटला असता. पण काही हजारांचा खर्च ऐकून काका म्हणाले, "माझ्याकडे मशीन आहे, वही आहे, बोटं दहा आहेत." विषय तिथेच संपला.

मुलीने डॉक्टरांना फोन करून सरळ विचारलं : तीन आठवडे दिवसभराच्या वेगवेगळ्या वेळी तपासून वही आणली तर चालेल का, तोवर गोळी आहे तीच ठेवायची का? ते हो म्हणाले, वर सांगितलं की तीनशेच्या वर गेली किंवा सत्तरच्या खाली आली तर थांबू नका, त्याच दिवशी या. हा फोन झाला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. आपल्या मनाने गोळी न वाढवणं आणि विचारून न वाढवणं यात फरक आहे.

आधी मशीन, मग रक्त

मशीनची परीक्षा सोपी असते, पण ती उपाशीपोटीच घ्यावी. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते, वीस-तीस मिलिग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि मग माणूस विनाकारण मशीनला दोष देतो. काकांना सकाळी लॅबमध्ये बोलावलं. शिरेतून रक्त घेतलं आणि त्याच मिनिटाला त्यांच्या मशीनवर बोट टोचलं. मशीन १३२, लॅब १२१. शंभरच्या वरच्या आकड्यांना १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो, हा नऊ टक्के होता. शिवाय मशीन जास्तच दाखवत होतं, कमी नाही. तिसरा पर्याय गेला.

त्याच नळीभर रक्तावर हिमोग्लोबिन तपासलं. १३.२, लाल पेशींचा आकारही ठीक. गेल्या वर्षात रक्त गेल्याचं, चढवल्याचं काही नाही. साडेआठवर अविश्वास दाखवायला कारण उरलं नाही.

मग मशीनची मेमरी उघडली. हे काम मी नेहमी करते, कारण वहीत माणूस लिहितो आणि मेमरीत मशीन. काकांच्या मेमरीत सगळी सकाळची नोंद रात्री एकच्या सुमाराची दिसत होती. सेल बदलताना घड्याळ सहा तास मागे पडलं होतं, कोणी लक्ष दिलं नव्हतं. सात वाजताची नोंद एकला दिसते, म्हणजे प्रत्येक वेळेत सहा मिळवायचे. तसे मिळवत खाली गेल्यावर वहीत नसलेले चार आकडे सापडले. एक २३८, दुपारी चारचा. त्यापाठोपाठ चार मिनिटांनी १४९. काकांना आठवलं : तासगावच्या पाहुण्यांनी द्राक्षांची पेटी आणली होती, घड सोडवता सोडवता त्यांनी बोट टोचलं. मग हात धुऊन पुन्हा टोचलं. बोटावरचा द्राक्षाचा रस मशीन रक्तातली साखर म्हणूनच मोजतं, तेव्हा २३८ बाद करणं बरोबरच होतं.

उरलेले दोन होते ६१ आणि ६४. दोन्ही जानेवारीतले, दोन्ही दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास.

"हे का नाही लिहिले, काका?"

"ते चुकीचे होते. हाताला घाम होता, थरथरत होते. नीट थेंबच पडला नसणार."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. घाम आणि थरथर ही मशीन चुकल्याची खूण नसते. साखर उतरल्याची असते.

तीन आठवड्यांची नवी वही

पन्नास पट्ट्यांची एक डबी घ्यायची आणि तीन आठवडे त्यातच भागवायचं असं ठरवलं. रोज सात वेळा टोचून माणूस चौथ्या दिवशी कंटाळतो. त्यापेक्षा जोडीने तपासणं बरं : एका दिवशी एकच जेवण निवडायचं, त्याआधी एक आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एक. सोमवार आणि गुरुवार नाश्ता, मंगळवार आणि शुक्रवार दुपारचं जेवण, बुधवार आणि शनिवार रात्रीचं. रविवारी सुट्टी. नाश्त्याआधीचा आकडा म्हणजे फास्टिंगच, तेव्हा ते वेगळं घ्यायची गरज नव्हती. तीन आठवड्यांच्या छत्तीस पट्ट्या झाल्या. उरलेल्या चौदा राखीव : दोन पहाटे तीनच्या, बाकी "कसंतरी होतंय" असं वाटेल तेव्हासाठी.

रोजचं फास्टिंग सोडायला काका तयार नव्हते. तो त्यांचा आवडता आकडा होता, रोज सकाळी पास होण्याचा. काकूंनी वहीची जुनी पानं दाखवून विचारलं, "साठ वेळा तेच उत्तर आलंय, एकसष्टाव्यांदा काय निराळं येणार?" तेव्हा कुठे मान्य केलं.

मुलीने रकाने आखले. उभे रकाने वेळेचे, आडव्या ओळी तारखांच्या, आणि शेवटी एक रुंद रकाना : पहिला घास किती वाजता, काय खाल्लं, गोळी किती वाजता, मधे काही. मशीनचं घड्याळ लावून दिलं. "मधे काही" या रकान्यात पहिले पाच दिवस काकांनी नेमाने "काही नाही" लिहिलं.

वही काय सांगत होती

अशी वही तारखेप्रमाणे आडवी वाचली की रोजची कहाणी कळते, पण साचा सापडत नाही. रकाना वरून खाली वाचायचा. एकाच वेळेचे सगळे आकडे एकाखाली एक आले की कुठे सारखेपणा आहे आणि कुठे उड्या आहेत ते लगेच दिसतं.

नाश्त्याचा रकाना शांत होता. आधी ११९ ते १३१, नंतर १७० ते १८५.

रात्रीच्या जेवणाआधीचा रकाना : २२४, २४१, २१८, २३६, २२९, २४७. सहाच्या सहा दोनशेच्या वर. जेवणानंतर २५५ ते २९१. घरात सगळ्यांचा राग रात्रीच्या भातावर होता, काकूंनी तो बंदही करायला घेतला होता. पण जोडी पाहिली तर जेवणाने साखर सरासरी चाळीसनेच वाढत होती, नाश्त्याने पन्नास. रात्रीचं जेवण चांगलंच होतं, ते चढलेल्या पायरीवरून सुरू होत होतं एवढंच. फक्त जेवणानंतरचा आकडा घेतला असता तर बिचारा भात हकनाक गेला असता.

मी खिळले ती दुपारच्या जेवणाआधीच्या रकान्याशी :

| आठवडा | मंगळवार | शुक्रवार |
|---|---|---|
| पहिला | ७१ | १९६ |
| दुसरा | ८४ | २०८ |
| तिसरा | ६६ | १७९ |

काकांनी सवयीने खाली सरासरी काढून ठेवली होती, १३४. मधुमेही माणसाला जेवणाआधी १३४ म्हणजे तक्रार करण्यासारखं काहीच नाही. पण त्या रकान्यात १३४ च्या जवळपास जाणारा एकही आकडा नव्हता! निम्मे खाली, निम्मे वर, आणि सरासरी मधल्या रिकाम्या जागेत उभी. सरासरीने दोन वेगवेगळे दिवस एकात मिसळून टाकले होते.

मंगळवार आणि शुक्रवारात काय फरक? उत्तर मुलीलाच सुचलं. जावयाचं दुकान मंगळवारी बंद असतं, त्या दिवशी नातवाला शाळेतून तो आणतो. बाकी सगळे दिवस काका स्कूटरवर जातात, साडेबाराला. घरी येऊन, नातवाचे कपडे बदलून, जेवायला बसेपर्यंत सव्वादोन.

"आणि शाळेच्या बाहेर काय असतं, बाबा?"

काकांनी जरा वेळ घेतला. शाळेच्या फाटकासमोर रसवंती आहे. जानेवारीत तिथे उभं असताना एकदा पाय लटपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून एक ग्लास रस घेतला. दहा मिनिटांत बरं वाटलं. तेव्हापासून रोज एक ग्लास, त्रास व्हायच्या आधीच. नातवालाही अर्धा. जोडीला खिशात राजगिऱ्याची वडी, "ती उपासाची असते, तिने काही होत नाही." वहीत का नाही लिहिलं? "खाण्याचा रकाना होता ना. रस प्यायलो, खाल्ला कुठे?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी मुलीने त्यांना रस घ्यायच्या आधी शाळेबाहेरच बोट टोचायला लावलं. ६२.

आता सगळं जुळलं. सकाळी आठला गोळी, साडेआठला बेताचा नाश्ता, आणि पुढे सव्वादोनपर्यंत पोटात काही नाही. ग्लिमेपिराइड खाल्लं की नाही ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहतं. साडेबारा-पाऊणला साखर साठीत येते. मग रस. साखर उतरल्यावर पंधरा ग्रॅम साखर पुरते, चहाचे सपाट तीन चमचे. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात त्याच्या दुप्पट सहज असते, वर गुळाची वडी. त्यामुळे जेवणाआधीच साखर दोनशेवर, जेवणानंतर अडीचशे, पाचच्या चहाबरोबर खारी आणि मूठभर बेदाणे, आणि रात्रीपर्यंत ती खाली यायला सवडच नाही. मंगळवारी रस नाही, त्यामुळे जेवणाआधी ७१ आणि जेवणानंतर १५८.

पहाटे तीनचे दोन आकडे १६४ आणि १५२ आले. रात्री अकराला पावणेतीनशेच्या घरात असलेली साखर हळूहळू उतरत सातला १२४ वर येत होती. म्हणजे रात्र १३५ वर स्थिर धरण्याचा माझा हिशोबही चुकलाच होता, पण रात्री साखर धोक्याइतकी उतरत नाही एवढं त्यातून कळलं. काका रोज ज्या क्षणी मोजत होते तो दिवसातला जवळजवळ सगळ्यात चांगला क्षण होता.

निर्णय

इथे गोळी वाढवली असती तर काय झालं असतं ते डॉक्टरांनीच वही बघता बघता सांगितलं. पाऊण वाजताचे ६२ आणखी खाली गेले असते, रस वाढला असता, पुढचं एचबीए१सी कदाचित नऊ आलं असतं आणि गोळी पुन्हा वाढली असती. हे सगळं स्कूटरवर, मागे नातू बसलेला असताना. ही गोष्ट ऐकून मात्र काका गप्प झाले. तोवर त्यांना ते "भोवळ" वाटत होतं.

डॉक्टरांनी सकाळच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड काढलं. मूत्रपिंडाची तपासणी नीट असल्याने तिथे मेटफॉर्मिनबरोबर सिटाग्लिप्टिन दिलं, जे एकटं सहसा साखर सत्तरच्या खाली नेत नाही. रात्रीची गोळी तशीच ठेवली. अकरा वाजता मूठभर फुटाणे आणि ताक, जेवण एक वाजता, नातवाला आणायचं काम काही दिवस काकूंनी रिक्षाने करायचं. साखर उतरलीच तर रस नाही : पाण्यात तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचायचं. साखरेची पुडी आता स्कूटरच्या डिकीत असते.

एका गोष्टीवर घरात मतभेद झाला. मुलीला महिन्याभरात पुन्हा एचबीए१सी करून हवं होतं. मी नको म्हणाले. त्या आकड्यात शेवटच्या एका महिन्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो आणि बाकीचा आधीच्या दोनाचा, म्हणजे महिन्याने केलं असतं तर अर्धी रसवंती त्यात तशीच दिसली असती, आणि नवी गोळी लागू पडली नाही असा चुकीचा अर्थ निघाला असता. मधल्या काळात वहीच पुरेशी होती. एप्रिलच्या मध्याला दुपारच्या जेवणाआधीचे आकडे १०४ ते १२८ मधे आले. उड्या थांबल्या. रात्रीच्या जेवणाआधी १५२ ते १७४.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी माझीच चूक. त्या फेब्रुवारीतला जेवणानंतरचा १५८ हा आकडा आमच्या लॅबचा. काका रक्त देऊन शेजारच्या हॉटेलात गेले, गोळी घेतली, पोह्यांची अर्धी प्लेट खाल्ली, बाकीचे "आज टेस्ट आहे" म्हणून सोडले. रिपोर्टवर छापलं गेलं "जेवणानंतर". ते कुठलं जेवण हे कोणी विचारलं नाही, नळीवर वेळ टाकणाऱ्या मीही नाही. त्या आकड्याने डॉक्टरांची आणि घरच्यांची दोघांची दिशाभूल केली. आता मी जेवणानंतरच्या तपासणीला आलेल्या पेशंटला काय खाल्लं आणि किती वाजता सुरू केलं ते विचारते आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनने लिहिते. साहेबांना ते फारसं आवडत नाही.

दुसरं, वार ठरवून देण्यात आम्ही नशिबावर तरलो. मंगळवार त्यात आला म्हणून दोन प्रकारचे दिवस वेगळे दिसले. दुपारच्या जेवणासाठी सोमवार आणि शुक्रवार दिले असते तर रकान्यात सगळे १८०-२०० आले असते आणि आम्ही नाश्ता कमी केला असता, म्हणजे नेमकं उलटं. पुन्हा असं करायचं झालं तर दर आठवड्याला वार एकेक घर पुढे सरकवीन.

तिसरं, "मधे काही" हा रकाना. त्यात "चहा, फळ, रस, प्रसाद, औषधाची बाटली" असं छापून टिक करायला दिलं असतं तर रस पहिल्याच दिवशी सापडला असता. आणि मेमरीतले ६१ व ६४ दिसले त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. आम्ही ते वहीबरोबर दाखवू म्हणून थांबलो. ते तीन आठवडे काका स्कूटर चालवत होते.

परिणाम

जूनमध्ये एचबीए१सी ७.५ आलं. सूत्राने सरासरी १६९, आणि वहीतल्या सगळ्या वेळांचे आकडे धरले तर त्याच्याशी मेळ बसत होता. डॉक्टरांनी काकांचं वय बघून साडेसातच्या आसपासच ठेवायचं ठरवलं होतं, ते समाधानी होते. साडेतीन महिन्यांत सत्तरच्या खाली एकही आकडा नव्हता, वहीत नाही आणि मेमरीतही नाही. मेमरी मी तपासली.

काका मात्र नाराज. त्याच रिपोर्टात फास्टिंग १३६ होतं. फेब्रुवारीत १२१, आता १३६, मग सुधारलं काय? ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकतो, सकाळचं काढल्यावर पहाटेपर्यंतचा तेवढा आधार गेला, असं डॉक्टरांनी समजावलं आणि १४० च्या आत आहे तोवर त्याला हात लावणार नाही असंही सांगितलं. काकांनी मान डोलावली. घरी येऊन वहीत १३६ लिहिला, त्याला लाल शाईने गोल केला, आणि शेजारी सही केली नाही.